सप्टेंबरात मंजूर, मार्चात नामंजूर

प्रति,
मा. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, सिंधुदुर्ग,
सिंधुदुर्गनगरी (ओरोस)

विषय : शेतकरी संस्थांच्या वार्षिक सभेत गप्प राहणाऱ्या सभासदांचं म्हणणं ऐकून ठराव करण्याबाबत

महोदय,

३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा उरकायची म्हणून जिल्ह्यातल्या संस्थांची दरवर्षी धावपळ चालते. चतुर्थीला चाकरमानी गावात असतात, तेव्हाच सभा घेतली तर गणसंख्या भरते. ती संधी हुकली तर अर्धा तास तहकुबी आणि मग असतील तेवढ्यांत सभा. इतिवृत्तं पुढे तपासायला जातात, तेव्हा त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलेलं असतं. मी मालवण तालुक्यात सचिव म्हणून नोकरी केली आणि ते वाक्य इतक्यांदा लिहिलं आहे की डोळे मिटूनही लिहीन. त्या वाक्याच्या आधी सभागृहात काय होतं, किंवा काय होत नाही, हे आपल्यापर्यंत कागदावरून पोहोचणं अवघड आहे. म्हणून हे पत्र, आणि ते उघड, कारण चेअरमन आणि सचिवांनीही वाचावं अशी इच्छा आहे.

सभेचं चित्र आपण पाहिलेलंच असेल. दारात सह्यांची वही. पुढच्या दोन रांगांत संचालक, माजी संचालक आणि गावातले मानकरी. मागे भिंतीला टेकून वाडीवाडीतले बागायतदार. बायका असल्या तर दाराजवळ, म्हणजे चहा आला की उठायला सोपं. सचिव विषय वाचतो, ठरलेला सूचक हात वर करतो, ठरलेला अनुमोदक मान हलवतो, चेअरमन विचारतात ‘मंजूर?’ आणि मागून एका सुरात ‘मंजूर’ येतं. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालताना प्रत्येक वाक्यामागे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, तसंच ते. गाऱ्हाण्यात ते शोभतं, कारण तिथे मागणं सगळ्यांचं एकच असतं. काजू बी कोणाला, कधी आणि किती उचल घेऊन द्यायची यावर ते एक नसतं.

मी बोलतोय ते काजूच्या संस्थांबद्दल. आमच्या किनाऱ्यालगत माड आणि सुपारी आहे, पण चौके, कट्टा, पेंडूरच्या बाजूला कातळ आणि डोंगरउतार काजूचेच. बी फेब्रुवारीअखेरीपासून पडायला लागते आणि मेपर्यंत चालते. हंगामाच्या तोंडावर बाजार भरला की भाव खाली येतो, म्हणून संस्थेने बी सुकवून, गोदामात ठेवून, पावसाळ्यात कारखान्यांना विकावी, ही कल्पना तशी जुनी आणि शहाणपणाची. अनेक संस्थांनी तसा ठराव केला. आमच्याच संस्थेत तो दोनदा सर्वानुमते झाला आणि दोन्ही वर्षी मार्च उजाडला तेव्हा गोदामात गोणी आल्या त्या बहुतेक संचालकांच्या. बाकीची बी खळ्यावरून व्यापाऱ्याच्या टेम्पोत गेली.

याला चेअरमन ‘सभासद बेइमान’ म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्याला सभेत नाही म्हणता आलं नाही, त्याने मार्चात गोण दुसरीकडे नेऊन नाही म्हटलं. खरेदी-विक्रीच्या संस्थेत हे मतदान कोणी थांबवू शकत नाही, आणि त्याची मोजणी व्हायची तोवर गोदामाचं भाडं, बारदान आणि हमालीचा आगाऊ खर्च झालेला असतो. ‘सगळे मंजूर म्हणी होते, म्हणान आमी पण म्हटलव,’ असं एका बागायतदाराने मला नंतर सांगितलं. त्याच्या आवाजात लाजही नव्हती आणि बंडही नव्हतं.

गप्प राहायची कारणं प्रत्येकाची वेगळी असतात आणि ती बहुधा सभागृहात बसून कळत नाहीत. आमच्या संस्थेत ती कळली वाडीतल्या बैठकीत. ठराव दोनदा फसल्यावर तिसऱ्या वर्षी सभेच्या महिनाभर आधी सहा वाड्यांत सहा संध्याकाळी बसायचं असं ठरलं. दोन अटी मी घातल्या : तिथे कुठलाही निर्णय होणार नाही, आणि चेअरमन येणार नाहीत. दुसऱ्या अटीवरून थोडी धुसफूस झाली, पण चेअरमन समंजस होते.

जागेचाही विचार करावा लागला. सगळ्यांनी देवळाचा सभामंडप सुचवला, कारण तो मोठा आणि कोरडा. पण मंडपात कोण कुठे बसतं हे पिढ्यांपासून ठरलेलं आहे. मानकऱ्याच्या मागे बसलेला माणूस मानकऱ्याच्या पुढे बोलत नाही. काही बायकांना महिन्यातले काही दिवस तिथे येता येत नाही, आणि आमच्या सभासदांत ख्रिश्चन आणि मुसलमान बागायतदारही आहेत. शेवटी शाळेची ओटी आणि कुणाचं तरी अंगण पत्करलं. हे किरकोळ वाटेल, पण निम्मी माणसं बोलणार की नाही हे जागेवरच ठरतं असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्याच बैठकीत एक बाई म्हणाल्या, ‘सुकवल्यार बी हलकी जाता. मगे ती घट कोणाच्या अंगार?’ शेअर त्यांच्या नवऱ्याच्या नावावर, नवरा मुंबईला. बी वेचणारी, बोंडू पिळून काढणारी, अंगणात पसरून सुकवणारी आणि पावसाचा शिंतोडा आला की धावत गोळा करणारी त्याच. आमच्या दोन्ही वर्षांच्या ठरावात घटीचा शब्दही नव्हता.

त्यांचा प्रश्न आकड्यांत मांडून पाहू. आकडे समजायला सोपे घेतले आहेत, बाजारभाव म्हणून धरू नयेत. समजा ताज्या बीमध्ये ओलावा १६ टक्के आहे आणि साठवणीसाठी तो ८ टक्क्यांवर आणायचा आहे. १०० किलो बीमध्ये सुका भाग ८४ किलो. ८ टक्के ओलाव्याला हा ८४ किलो म्हणजे एकूण वजनाच्या ९२ टक्के, म्हणजे वजन उरतं सुमारे ९१.३ किलो. व्यापारी ओल्या बीला किलोला १२० रुपये रोख देतो, म्हणजे १०० किलोचे १२,००० त्याच दिवशी हातात. संस्था सुक्या वजनावर १०० रुपये उचल देते, म्हणजे ९,१३०. त्या दिवशी घरात २,८७० रुपये कमी येतात. बी पुढे १२५ ला विकली गेली तरी सभासदाचं नुकसानच, कारण बरोबरी व्हायलाच सुक्या किलोला सुमारे १३१ रुपये हवेत. त्यावर दिलेल्या उचलीचं चार महिन्यांचं व्याज वर्षाला १० टक्क्यांनी धरलं तर किलोमागे सव्वातीन रुपयांहून थोडे जास्त, म्हणजे १३४-१३५, आणि गोदाम-हमाली निराळी. एवढा हिशेब त्या बाईंनी पाटीवर मांडला नव्हता, पण अंदाज त्यांना पक्का होता. आमच्या अहवालात मात्र ‘भाव वाढल्यावर फायदा’ एवढंच छापलेलं होतं.

तिसऱ्या वाडीत दुसरं कारण बाहेर आलं. मुलांच्या फीसाठी, घरच्या आजारपणासाठी किंवा चतुर्थीच्या खर्चासाठी बऱ्याच जणांनी व्यापाऱ्याकडून आधीच उचल घेतलेली. बी त्यालाच द्यायची, असं तोंडी बोलणं. आणि तो व्यापारी, किंवा त्याचा भाऊ, सभेत दुसऱ्या रांगेत. आता हा माणूस सगळ्यांदेखत उभा राहून ‘मला जमणार नाही, मी अमक्याचं देणं लागतो’ असं कसं म्हणेल? त्याने मंजूर म्हणायचं आणि मार्चात बी व्यापाऱ्याला द्यायची, हाच त्याला अब्रू राखणारा रस्ता उरतो.

चर्चा आणि निर्णय यांना वेगळं करणं ही काही आमची अक्कल नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे शंभराच्या आसपास घरांचं गोंड गाव आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावाशी ते जोडलं गेलं. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. सर्वांची सहमती होईपर्यंत विषय पुढे ढकलला जातो. पण माझ्या मते खरी मेख ग्रामसभेत नसून तिच्या शेजारी चालणाऱ्या अभ्यास गटात आहे. अभ्यास गटात ज्याला यायचं तो येतो, बाहेरचा जाणकारही येतो, विषय उलटसुलट बोलला जातो, आणि निर्णय घ्यायचा अधिकार त्या गटाला नसतो. निर्णय व्हायचा नसला की माणसाला आपली बाजू सांभाळायची गरज उरत नाही. शंका काढता येते, मत बदलता येतं, चुकीचं बोलून मोकळं होता येतं. सभेत यातलं काही परवडत नाही, कारण तिथे बोललेलं इतिवृत्तात जातं आणि गावभर होतं.

मेंढ्याची नक्कल तशीच्या तशी आपल्याला जमणार नाही हेही सांगतो. ते गाव लहान, एका जमातीचं, रोज एकमेकांना भेटणारं. आमच्या संस्थेचे सभासद सहा वाड्यांत आणि निम्मे मुंबई-पुण्यात. जंगलाचा निर्णय दोन महिने पुढे गेला तर जंगल तिथेच असतं. मृग लागल्यावर उघड्यावर पडलेल्या बीला मात्र बुरशी थांबत नाही. म्हणून आम्ही अभ्यास गट घेतला, आणि सहमतीला कालमर्यादा घातली.

आता सभेच्या दिवसाबद्दल. तिसऱ्या वर्षी आम्ही कार्यक्रमपत्रिकेतला एकच विषय वेगळ्या पद्धतीने घेतला, बाकीचे नेहमीसारखे पाच मिनिटांत उरकले. ताळेबंद, लेखापरीक्षकाची नेमणूक यांवर गटचर्चा लावणं म्हणजे माणसांच्या वेळेची उधळपट्टी. पण ज्या ठरावाची अंमलबजावणी सभासदाच्या स्वतःच्या गोणीवर अवलंबून आहे, त्याला तासभर द्यावा.

प्रत्येकाला दोन मिनिटं बोलायला द्यावं असं कुणीतरी हमखास सुचवतं. साठ जण हजर असतील तर दोन तास होतात, आणि पंधराव्या वक्त्यानंतर सगळे ‘वरच्यांशी सहमत’ म्हणू लागतात. त्याऐवजी पाच-पाचांचे बारा गट करावेत. सही करतानाच सचिवाने एक ते बारा असे आकडे देत जावं, म्हणजे भाऊबंद, एका वाडीचे, आणि उचल देणारा नि घेणारा आपोआप वेगळे पडतात. पाटीवर हिशेब मांडायला दहा मिनिटं, मग तीन मिनिटं कोणीच बोलायचं नाही, प्रत्येकाने मनाशी ठरवायचं. मग गटात वीस मिनिटं. गटाच्या वतीने दीड-दीड मिनिट बोलायचं ते सभेत आजवर न बोललेल्या माणसाने, आणि ‘आमच्या गटात असं निघालं’ एवढंच सांगायचं, कोण म्हणालं ते नाही. बारा गटांची अठरा मिनिटं. सगळं मिळून पन्नास-पंचावन्न मिनिटं होतात.

ती तीन मिनिटांची शांतता मला आधी पोरखेळ वाटली होती. पण ती नसली तर गटातला पहिला बोलणारा जे म्हणतो त्याभोवतीच बाकीचे चार फिरत राहतात. मनात आधी काहीतरी ठरलेलं असलं की माणूस निदान ‘मला वेगळं वाटलं होतं’ एवढं तरी म्हणतो.

आकड्यांच्या वाटपात एकच गोष्ट हाताने करायची : बायकांना विखरू द्यायचं नाही. साठांत नऊ बायका असतील आणि आकडे लावत गेलं, तर नऊ गटांत एकेक बाई येते आणि नऊच्या नऊ गप्प बसतात. त्यांचे दोनच गट करावेत. अमेरिकेत क्रिस्टोफर कार्पोविट्झ, टाली मेंडेलबर्ग आणि ली शेकर यांनी पाच-पाच जणांच्या गटांवर केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. काही गटांना बहुमताने निर्णय घ्यायला सांगितलं होतं, काहींना एकमताने. बहुमताच्या गटात बायका थोड्या असतील तर त्या आपल्या संख्येच्या मानानेही फार कमी बोलल्या. तशाच थोड्या बायका एकमताच्या गटात असताना ही तफावत बरीच कमी झाली, कारण त्यांच्या होकारावाचून कोणाचंच पुढे सरकत नव्हतं. आणि बायकाच जास्त असलेल्या गटात बहुमताचा नियमही त्यांना चांगला चालला. म्हणजे निर्णयाचा नियम आणि गटातली संख्या या दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. आपल्या कायद्यात संस्थेच्या समितीवर महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. पंधरा पुरुषांत दोन बायका बसवून बहुमताने कारभार करायचा, यात त्या किती बोलतील हे त्या प्रयोगावरून ताडता येतं. ते असो, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

गटांचं ऐकून झालं की सचिवाने ठरावाचा मसुदा पाटीवर लिहावा आणि मग चाचणी घ्यावी. इथे ‘मंजूर?’ हा प्रश्न टाळायचा. त्याला एकच उत्तर असतं. आम्ही तीन उत्तरं ठेवली : ‘मी माझी बी आणीन’, ‘आणीन, पण अडचण आहे’ आणि ‘मला जमणार नाही’. चिठ्ठ्या लिहायला दिल्या नाहीत. आमच्यासारख्या गावात अक्षरावरून माणूस ओळखतात, आणि ज्यांना लिहिताना हात अडखळतो ते कोरी चिठ्ठी टाकतात. फळ्याच्या मागे तीन डबे ठेवले, प्रत्येकाच्या हातात एक काजू बी दिली, एकेकाने आत जाऊन टाकून यायची. मोजायला पाच मिनिटंही लागत नाहीत. हे मतदान नव्हे, हे सभेला स्पष्ट सांगितलेलं बरं. नाहीतर कुणीतरी नियम काढून उभा राहतो.

बी मोजून झाल्यावर मोठा मोह होतो. समजा पहिल्या डब्यात ३८, दुसऱ्यात १३, तिसऱ्यात ९ निघाल्या. चेअरमनच्या चेहऱ्यावर लगेच समाधान दिसतं, कारण बहुमत स्पष्ट आहे. पण गोदामाचं गणित जर पन्नास जणांच्या बीवर बेतलेलं असेल, तर ते २२ जणांवरच ठरणार आहे. तेव्हा त्या २२ जणांचं कारण काढायचं, आणि तेही त्यांना उभं न करता. पुन्हा त्याच गटांत दहा मिनिटं बसवायचं आणि प्रश्न असा विचारायचा : ‘ज्यांना जमणार नाही, त्यांची अडचण काय असेल?’ आता प्रत्येक जण दुसऱ्याबद्दल बोलतो. ‘एखाद्याने आधीच कोणाकडून उचल घेतली असेल’ हे वाक्य, ज्याने घेतली आहे तोही बिनदिक्कत बोलतो. माझ्या पाहण्यातल्या सगळ्या युक्त्यांत ही सर्वांत कामाची.

अडचण कळली की पुढचा प्रश्न : काय बदललं तर चालेल? आमच्या सभेत मसुद्यात तीन बदल झाले. सगळी बी संस्थेला द्यायची सक्ती गेली, निम्मी दिली तरी पुरे. म्हणजे व्यापाऱ्याचं देणं उरलेल्या निम्म्यातून भागतं. वजन दोनदा लिहायचं ठरलं, आणल्या दिवशीचं आणि सुकल्यानंतरचं, सभासदाच्या समोर आणि त्याच्या पुस्तकात, आणि ठरलेल्या प्रमाणाबाहेरची घट संस्थेने सोसायची. तिसरं, बी घ्यायचा वार बदलला, कारण पूर्वीचा वार आठवडा बाजाराचा होता आणि बी आणणाऱ्या बायका त्या दिवशी बाजारात असत. हा वारही दोन वर्षं कोणी सांगितला नव्हता, कारण कोणी विचारला नव्हता. दुसऱ्या चाचणीत तिसरा डबा जवळजवळ रिकामा राहिला. त्या हंगामात गोदाम भरून वाहिलं नाही, पण संचालकांखेरीज इतरांच्या गोणी प्रथमच आल्या.

आता या पद्धतीत कुठे घात होतो तेही सांगतो. सहमती होईपर्यंत थांबायचं म्हटलं की सगळ्यात जास्त ताकद येते ती आहे ते चालू राहण्यात ज्याचा फायदा आहे त्याच्या हाती. बीचा व्यापार करणारा सभासद ‘माझी अजून सहमती नाही’ म्हणत दोन हंगाम सहज काढू शकतो. म्हणून ज्याचा त्या विषयात धंदा आहे त्याने तो आधी सांगावा आणि त्या विषयापुरतं चाचणीतून बाहेर राहावं, असा संकेत हवा. हरकत घेणाऱ्याने ठराव संस्थेच्या कामाला कुठे बाधतो ते सांगावं; नुसतं ‘मला पटत नाही’ नोंदवून घ्यावं, पण त्यावर ठराव अडवू नये. दोन चाचण्यांनंतरही सुटलं नाही तर हात वर करून मतदान घ्यावं. कायद्यात सभासदाला एक मत आहे आणि सर्वसाधारण सभा सर्वोच्च आहे. सहमतीची ही सगळी खटपट त्या मतदानाच्या आधीची आहे, त्याच्या जागची नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे अख्खं गाव एका निर्णयावर चालल्याची उदाहरणं आहेत की. आचऱ्याची गावपळण घ्या. श्री देव रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस तीन रात्री माणसं, गुरं, कोंबड्या सगळं वेशीबाहेर. त्यात जात-धर्माचा भेद नाही. मला त्या गावपळणीचं फार कौतुक आहे. पण कौल घेताना हरकत घ्यायला जागा नसते, आणि ती नसावीच. संस्थेच्या सभेत तिला जागा नसली तर ती गोणीवाटे बाहेर पडते.

वाडीबैठका फसल्याची खूण ओळखायला सोपी आहे. सगळ्या वाड्यांतून एकच अडचण, त्याच शब्दांत आली, तर समजावं की कुणीतरी आधी फिरून गेलं आहे. सभेतल्या चाचणीत तिसरा डबा पहिल्याच फेरीत अगदी रिकामा असेल तर फळा नीट झाकलेला होता का ते बघावं. आणि खरी तपासणी एप्रिलअखेर : चाचणीत ‘आणीन’ म्हणणारे किती आणि प्रत्यक्ष आणणारे किती, हे दोन आकडे सचिवाने शेजारी शेजारी लिहावेत. त्यांतलं अंतर वाढलं तर पुढच्या सभेत गोदामाच्या आधी त्या अंतरावर बोलावं.

आपल्याकडे मागणं थोडकं आहे. सचिवांच्या प्रशिक्षणात आणि जिल्हा सहकारी बोर्डाच्या सभासद शिक्षणाच्या वर्गात सभेचे नियम शिकवतात, ठराव लिहायला शिकवतात. त्यात अर्धा दिवस वाडीबैठक आणि गटचर्चा प्रत्यक्ष घेऊन दाखवण्यासाठी द्यावा. वाडीबैठकांचा चहापाण्याचा आणि शाळेच्या विजेचा किरकोळ खर्च सभासद शिक्षणाखाली धरायला हरकत नाही, असं एकदा लेखी कळवलंत तर सचिव निर्धास्त होतील. आणि इतिवृत्तात हरकत लिहिलेली दिसली तर तपासणीत तो दोष समजू नये. सचिव हरकत लिहायला घाबरतात ते याच भीतीने. यंदा तालुक्यातल्या दोन-तीन संस्थांनी एकेका विषयावर हे करून पाहिलं तरी पुरे. लिहायचं कसं हे अडत असेल तर आमचा ठराव, नावं गाळून, असा होता :

‘ठराव क्र. ५. यंदाच्या हंगामात सभासदांनी आपल्या काजू बीपैकी किमान निम्मी संस्थेकडे द्यावी. बी आणल्या दिवशीचे व सुकल्यानंतरचे वजन सभासदासमक्ष पुस्तकात नोंदवावे. ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घट संस्थेने सोसावी. बी घेण्याचा वार आठवडा बाजाराचा नसावा. या विषयावर सहा वाड्यांत बैठका व सभेत गटचर्चा झाली. दोन चाचण्या घेतल्या. दुसऱ्या चाचणीत तीन सभासदांनी “जमणार नाही” असे कळविले. त्यांचे म्हणणे असे की चार महिने थांबण्याइतकी घरची परिस्थिती नाही. हे म्हणणे सभेने ऐकले. त्यांच्यावर बी देण्याची सक्ती नाही व त्यांच्या कर्जावर याचा परिणाम होणार नाही. ठराव हात वर करून बहुमताने मंजूर. एका हंगामापुरता. फेरविचार पुढील वार्षिक सभेत.’

कळावे,
आपला,
एक निवृत्त सचिव, मालवण तालुका